काडेपेटी चालते कशी?

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांनी केलेला काडेपेटीचा छोटा चित्रपट दाखवल्यावर त्यामागची कृती सांगा, असा आग्रह झाला. तेव्हा केलेल्या बोलण्याचा हा मजकूर, स्मरणिकेसाठी थोडा नीट लावून.)



आताच पडद्यावर आपण पन्नास सेकंदांची एक गोष्ट पाहिली. एक काडेपेटी निरांजनाकडे निघते, वाटेत पितळी खल आडवा येतो, काडेपेटी थांबते, खल बाजूला सरकतो आणि निरांजन लागते. एवढेच. पण संपल्यावर समोरच्या रांगेतून एका आजोबांनी विचारले, "दोरा कुठे बांधला होता?" म्हणून आधी सांगून टाकतो की दोरा नव्हता, चुंबक नव्हते आणि संगणकातली काही जादूही नव्हती. सहाशे फोटो होते. प्रत्येक दोन फोटोंच्या मध्ये कोणीतरी हात घालून ती वस्तू जराशी सरकवली होती. सेकंदाला बारा फोटो या वेगाने ते दाखवले की मधला हात डोळ्यांना कळत नाही आणि वस्तू आपण होऊन चालते. याला स्टॉप मोशन म्हणतात.

काडेपेटीच का घेतली, याला कारण आहे. दादासाहेब फाळके म्हटले की आपल्याला 'राजा हरिश्चंद्र' आठवतो. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लागला, हे शाळेत पाठ केलेले असते. पण याच फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' नावाचा छोटा चित्रपट केला होता, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. त्यात नट नव्हते, आगकाड्याच पात्रे. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये काड्यांचा असाच खेळ केला होता. फाळक्यांचा तो चित्रपट आज शिल्लक नाही. मग आम्ही ठरवले की आपणही निदान काडेपेटीपासून सुरुवात करावी.

त्याआधीचा फाळक्यांचा आणखी एक प्रयोग आम्हाला जास्त उपयोगी पडला. १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यासमोर ठेवून ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत गेले. महिनाभराहून जास्त काळ हे चालले. पडद्यावर मात्र अंकुर फुटून वेल वर चढताना मिनिटभरात दिसला. पैसे लावणाऱ्यांना हे माध्यम काय करू शकते ते दाखवण्यासाठी केलेला हा नमुना होता. आता यात करामत कोणाची? वाटाणा आपोआपच वाढणार होता. करामत होती ती कुंडी आणि कॅमेरा एवढे दिवस जागचे न हलू देण्याची. घरात लहान मुले असताना हे किती अवघड आहे, ते आम्ही आता शपथेवर सांगू शकतो.

आम्ही म्हणजे आमची सौ., मंडळातली पाच मुले आणि स्वतः आम्ही. नोकरी राज्य सरकारची, पदविका स्थापत्यशास्त्रातली. रस्त्याची पातळी काढताना दुर्बीण तिपाईवर चढवली की तिला कोणी कोपरसुद्धा लावायचे नाही, हे वीस वर्षे लोकांना ओरडून सांगत आलो. तरीही पहिल्या रविवारी जे केले ते सगळे चुकले.

पहिली चूक म्हणजे चादर. आपल्या बुऱ्हाणपूरच्या मागावरची चादर टेबलावर अंथरली, अभिमानाने. दिसायला छान. पण काडेपेटी सरकवताना दर वेळी बोटाने चादर थोडी ओढली जात होती. डोळ्यांना ते कळतही नव्हते. एकशे ऐंशी फोटो झाल्यावर चालवून पाहिले, तर काडेपेटी राहिली बाजूला आणि चादरीच्या सुरकुत्याच मुंग्यांसारख्या वळवळत होत्या. सेकंदाला बारा फोटो दाखवले की एका केसाइतका फरकही हालचाल होऊन बसतो. आपल्याला जे हलवायचे आहे ते सोडून बाकी सर्व गोष्टी दगडासारख्या स्थिर हव्यात, नाहीतर प्रेक्षकाची नजर भलतीकडे जाते. चादर गेली, तिच्या जागी सनमायका लावलेली फळी आली आणि ती टेबलाला शिकंज्याने आवळली.

दुसरी चूक उजेडाची. खिडकीतून सुंदर प्रकाश येत होता, म्हणून टेबल खिडकीशी लावले. भाद्रपदातले ऊन, दोन मिनिटांत ढग, दोन मिनिटांत लख्ख. फोटो एकेक पाहताना सगळे ठीक वाटतात, पण ओळीने चालवले की खोलीत वीज चमकल्यासारखी उघडझाप होते. त्यात फोन आपल्या मनाने उजेड कमी-जास्त करत राहतो, त्यामुळे घोळ वाढतो. शेवटी खिडकी जाड पडद्याने बंद केली आणि डाव्या-उजव्या बाजूला एकेक एलईडी दिवा ठेवून त्यांच्यापुढे बटर पेपर टांगला. फोनच्या पडद्यावर काडेपेटीवर बोट दाबून धरले की AE/AF LOCK असे उमटते. म्हणजे उजेड आणि फोकस दोन्ही तिथेच बांधले गेले. ज्यांच्या फोनमध्ये वेळ हाताने ठरवता येते त्यांनी ती १/५० सेकंद ठेवावी. आपल्याकडची वीज पन्नास आवर्तनांची, दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. १/५० मध्ये त्याचे दोन पूर्ण फेरे मावतात, म्हणून प्रत्येक फोटोला सारखाच उजेड मिळतो. त्याहून फारच झटपट फोटो घेतला तर कधी दिव्याचा चढ सापडतो, कधी उतार.

पितळेच्या खलाने वेगळाच इंगा दाखवला. त्याच्या पोटात आमचा पांढरा शर्ट दिसत होता आणि आम्ही वाकलो की शर्टही वाकत होता! स्टीलचा पेला तर आरसाच. म्हणून त्याला गोष्टीतून काढूनच टाकले. खलासाठी मात्र नियम केला की फोटो घेणाऱ्याने गडद रंगाचे कपडे घालायचे, तिन्ही दिवस तेच, आणि फोटो घेताना फरशीवर खडूने काढलेल्या चौकोनातच उभे राहायचे. फोनला तर हात लावायचाच नाही. वायरच्या इअरफोनवर आवाज वाढवायचे बटण असते, त्याने बऱ्याच फोनमध्ये फोटो निघतो. आमच्या निघाला.

फोन तिपाईवर, तिपाईचे पाय फरशीला चिकटपट्टीने बांधलेले. तरी खात्री नको का? पातळी काढताना आम्ही काम संपल्यावर पुन्हा बेंचमार्कवर येतो आणि वाचन पहिल्याशी जुळते का ते बघतो. तेच इथे केले. फळीच्या मागच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने बारीक फुली काढली. ती चित्रात असते, पण लक्षात येत नाही. दर बारा फोटोंनी पहिला फोटो आणि आताचा फोटो आलटून पालटून पाहायचे. फुली जागेवर असेल तर पुढे, नसेल तर तिथेच थांबायचे. फोनवरच्या स्टॉप मोशनच्या ॲपमध्ये मागच्या फोटोची पुसट छाया दिसते, तिचाही उपयोग होतो. पण ती फक्त मागचाच फोटो दाखवते. कॅमेरा हळूहळू सरकत असेल तर ती काही बोलत नाही; फुली बोलते.

हे झाले चौकटीचे. आता खरा मुद्दा चालण्याचा, आणि यातच आमचे सगळ्यात जास्त डोके गेले.

पहिल्या रविवारी काडेपेटीला चोवीस सेंटीमीटर जायचे होते. मुलांनी हिशोब केला की एका सेकंदात बारा फोटो, म्हणजे दर फोटोला दोन सेंटीमीटर. अगदी बरोबर हिशोब, पट्टीने मोजून. पडद्यावर मात्र काडेपेटी कारखान्यातल्या पट्ट्यावरून पुढे चाललेल्या मालासारखी सरकली. कोणी तिला ओढत होते, ती स्वतः जात नव्हती. एका मुलीने म्हटले, "काका, ही मेलेली आहे." बरोबरच होते तिचे.

जिवंत वस्तू एकदम वेग घेत नाही आणि एकदम थांबत नाही. आपण जिन्यातून उतरतो, सायकलवर टांग मारतो, तेव्हा सुरुवात मंद, मध्ये वेग, शेवटी पुन्हा मंद. मग तेच चोवीस सेंटीमीटर आम्ही असे वाटले: अर्धा, एक, दीड, दोन, अडीच, तीन, साडेतीन, साडेतीन, तीन, दोन, एक, अर्धा. बेरीज करून पाहा, चोवीसच येते. फोटो तेवढेच, अंतर तेवढेच, फक्त वाटणी बदलली. यावेळी काडेपेटी निघाली, धावली आणि बेताने थांबली.

ही वाटणी आलेख कागदाच्या पट्टीवर आधी आखून ठेवायची. पट्टी फळीच्या पुढच्या कडेला, चौकटीच्या जरा बाहेर चिकटवायची. गुण्याची एक बाजू पट्टीवरच्या खुणेला लावली की दुसरी बाजू सांगते काडेपेटीची कड कुठे यायला हवी. ठेवायची, गुण्या काढायचा, हात काढायचा, फोटो. गुण्या फोटोत राहिला असे चारदा झाले. म्हणून मुलांपैकी एकाचे काम एवढेच होते की दर वेळी "हात बाहेर, गुण्या बाहेर" असे मोठ्याने म्हणायचे.

आता खलाकडे येऊ. हा खल एका काकूंच्या सासूबाईंचा, उचलताना दोन हात लागतात. मुलांना वाटले की तो जडच आहे, तर जडच दिसणार. पण फोटोला वजन कळत नाही. काडेपेटीसारखाच भराभर सरकवला, तर तो पडद्यावर कागदाचा दिसू लागला. जडपणा सगळा वाटणीत असतो. खलाला फक्त बारा सेंटीमीटर बाजूला व्हायचे होते, आणि त्यासाठी आम्ही तीन सेकंद, म्हणजे छत्तीस फोटो दिले. त्यातले पहिले आठ फोटो फक्त एकेक मिलिमीटरचे. मग हळूहळू वाढवत सहा मिलिमीटरपर्यंत नेले आणि तसेच हळूहळू कमी केले. निघण्याआधी सहा फोटोंत तो उलट बाजूला किंचित कलतो, बुडाच्या कडेखाली मळलेल्या मातीची वाढती गोळी देऊन. जड माणूस पाटावरून उठताना आधी मागे रेलतो ना, तसे. पडद्यावर तुम्ही सगळे हसलात ते याच ठिकाणी, हे आम्ही मागे उभे राहून पाहिले.

गंमत म्हणजे खऱ्या वजनाची गरज पडली ती काडेपेटीला. उभी केलेली काडेपेटी इतकी हलकी की बोट काढले तरी डुलायची, पंख्याने तर पडायची. पंखा बंद केला, खोलीत आम्ही उकडून निघालो, तरी ती डुलतच होती. शेवटी आतल्या खणाच्या तळाशी पाच रुपयांची दोन नाणी चिकटवली, तेव्हा ती जागेवर उभी राहिली. खण वर सरकवला की तो तिचे डोके होतो. पण सोडला की खाली घसरायचा. त्याला बाजूने कागदाची घडी खोचली, मग तो जिथे ठेवू तिथे राहू लागला.

डोळे चिकटवायचे की नाही, यावर बरीच भांडणे झाली. बाजारात ते हलणाऱ्या बुबुळांचे डोळे मिळतात, मुलांनी ते आणलेही होते. आम्ही नको म्हटले. डोळे लावले की बाहुली होते, आणि मग प्रेक्षक वस्तूकडे न बघता डोळ्यांकडेच बघतो. काडेपेटी काडेपेटीच राहून चालली पाहिजे. तिच्याकडे खण आहे, तो वर-खाली होतो, तेवढे पुष्कळ आहे. खलासमोर ती थांबते तेव्हा काय झाले आठवून पाहा. आधी आठ फोटो काहीच नाही. फोटो घेतच राहायचे, पण हलवायचे काही नाही. मग चार फोटोंत खण सेंटीमीटरभर वर, म्हणजे तिने वर पाहिले. मग पुन्हा आठ फोटो स्तब्ध. मुलांना हे स्तब्ध फोटो फुकट वाटायचे, पण ती विचार करते असे जे आपल्याला वाटले ते त्या सोळा फोटोंमुळे. हे थांबणे कापून टाकून आम्ही एकदा पाहिले. तर काडेपेटी नुसती उघडझाप करत होती, झाकण बिघडल्यासारखी.

दुसऱ्या संध्याकाळी, दोनशे बाराव्या फोटोनंतर, व्हायचे ते झालेच. टेबलाखालून निघताना एका बालमित्राचे डोके तिपाईला लागले. चिकटपट्टीमुळे तिपाई पडली नाही, पण पेन्सिलीची फुली दोन-तीन मिलिमीटर सरकलेली दिसली. त्याचे डोळे भरले आणि आम्हालाही दरदरून घाम फुटला, कारण कार्यक्रमाला दोनच दिवस उरले होते. फोन परत जागेवर आणण्यात अर्धा तास गेला. छायेशी जुळवून पाहिले तरी कुठला ना कुठला कोपरा सुटायचाच. तसेच पुढे गेलो असतो तर नेमक्या त्या क्षणी सगळे जग एकदम दचकले असते आणि सगळ्यांना चूक दिसली असती.

तेव्हा सौ.ने विचारले, "थोडा हलला तर चूक दिसते, मग पुष्कळ हलवला तर?" इतके दिवस आम्ही चौकट राखायच्या इतके मागे लागलो होतो की हे सुचलेच नव्हते. सिनेमात दर काही सेकंदांनी कॅमेऱ्याची जागा बदलतच असते, आणि ती पुरेशी बदलली तर कोणाला खटकत नाही. दोन मिलिमीटरचा फरक धक्का वाटतो, दोन फुटांचा फरक नवे दृश्य वाटतो. मग आम्ही तिपाई सोडली, खलाच्या अगदी जवळ नेली, खालून वर पाहणारी चौकट लावली, पुन्हा चिकटपट्टी, पुन्हा फुली, पुन्हा उजेड बांधला. तुम्ही पाहिले त्यात काडेपेटी वर पाहते आणि लगेच तिच्या नजरेतून खल एखाद्या बुरुजासारखा मोठा दिसतो. ते दृश्य आमच्या योजनेत नव्हते. त्या बालमित्राच्या डोक्यात होते म्हणायचे. दृश्य बदलायचे ते वस्तू थांबलेली असताना बदलावे, हे मात्र तेव्हा नशिबाने जुळले. धावत्या काडेपेटीच्या मध्येच असे झाले असते तर वेग जुळवणे जड गेले असते.

सहाशे फोटोंना किती वेळ लागला, असे मघाशी कोणीतरी विचारले. एका फोटोला सरासरी चाळीस सेकंद धरले तर जवळजवळ पावणेसात तास होतात. आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या, कारण मधल्या काळात भांडणे, चहा आणि एकदा वीज जाणे हेही होते. वीज गेली तेव्हा आम्ही कशालाच हात लावला नाही. अंधारात बसून मुलांना एकेका भांड्याचे नाव विचारले. सांडशीला ती संडसी म्हणतात, झाऱ्याला पौनी, आणि रवीला तर नावच नाही, 'दही घुमानेवाला'. पुढच्या वर्षीची पात्रे तिथेच ठरली. सांडशीचे तोंड उघडते-मिटते, तेव्हा तिला बोलायचे काम द्यावे असे सर्वानुमते ठरले आहे.

राहता राहिली ज्योत. ती मात्र सरकवता येत नाही. काडी खणातून वर येते ती दर फोटोला तीन मिलिमीटर, बुडाशी मातीच्या गोळीत रोवलेली. ती निरांजनाशी पोचल्यावर आम्ही थांबलो, मोठ्या माणसाने निराळ्या काडीने वात लावली, आणि मग पुढचे अठरा फोटो घेतले. तुपाची ज्योत दर फोटोत वेगळी येते. एरवी आम्ही जी थरथर टाळण्यासाठी तीन दिवस झटलो, ती इथे तशीच ठेवली, कारण ज्योत थरथरतेच. तेवढ्या वेळात तूप संपेल की काय म्हणून घाई केली आणि पंधराव्या फोटोत आमची करंगळी आली आहे. तुम्हाला दिसली नसेल. मुलांना दिसते, आणि दर वेळी ती ओरडतात.

खल दुसऱ्या दिवशी काकूंकडे परत केला. संध्याकाळी त्यांचा फोन आला, वेलदोडे कुटताना बुडाला चिकटलेली माती पोळपाटावर आली म्हणून. ती गोळी आम्ही काढायची विसरलो होतो.